चार फुटांवरचे पाणी : वाळवा तालुक्यातील एका ग्रामसभेतील शौचखड्ड्यांच्या चर्चेचा अभ्यास

सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यात कृष्णेच्या काठी सुमारे सहाशे उंबऱ्यांचे एक गाव आहे. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण)च्या दुसऱ्या टप्प्याची माहिती देण्यासाठी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तिथे जे बोलणे झाले, त्यातील निम्मे बोलणे चुकले. ते का चुकले आणि ग्रामस्थांनीच ते कसे दुरुस्त केले, याची ही नोंद आहे. बोलणारी मीच होते, त्यामुळे चुकीचा हिशेबही मलाच द्यावा लागेल. गावाचे व माणसांचे नाव मुद्दाम दिलेले नाही.

या गावात शौचालय नसलेली घरे शोधावी लागतात. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाच्या पहिल्या वर्षांपासून, म्हणजे २०००-०१ पासून, गावाने त्यात भाग घेतला होता. जिल्ह्यातल्याच तासगाव तालुक्यातील आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते आणि ‘आबांच्या वेळी’ हातात खराटा घेतल्याच्या आठवणी वयस्क माणसे अजूनही सांगतात. पुढे २०१४ नंतर उरलेल्या घरांतही शौचालये झाली आणि गाव हागणदारीमुक्त म्हणून जाहीर झाले. त्यामुळे दुसरा टप्पा समजावून सांगताना पहिली अडचण अशी होती, की गावाच्या दृष्टीने हे काम संपलेले होते. शौचालय आहे, दार आहे, पाणी आहे, मग आता नवीन काय, या प्रश्नाला माझ्याकडे एका ओळीत उत्तर नव्हते. भांड्यातून खाली गेलेले पुढे कुठे जाते, याचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे होते, आणि ते पाहिल्याशिवाय काहीही सांगणे पोकळ ठरले असते.

म्हणून सभेच्या आधी चार दिवस ग्रामसेवक, आशाताई आणि जलसुरक्षक यांच्याबरोबर आम्ही घरोघरी फिरलो. तीन प्रकार सापडले. गावठाणात बहुतेकांकडे एकच खड्डा होता, तोही दहा ते बारा फूट खोल. ‘एकदा खोल घेतला की वीस वर्षं बघायला लागत नाही’ ही त्यामागची समजूत होती. पक्क्या बंगल्यांना गावात ज्याला सरसकट ‘सेफ्टी टाकी’ म्हणतात ती सेप्टिक टाकी होती, पण टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी शोषखड्डा फार थोड्यांनी घेतला होता. बाकीच्यांनी तो पाइप सरळ गटारात सोडला होता. मळ्यातील वस्त्यांवर तिसरा प्रकार होता. तिथे खड्डे दोन होते, पण पहिला भरला की त्यातील पाणी पाइपमधून दुसऱ्यात उतरावे, अशी जोडणी होती. एक खड्डा भरला की तो बंद ठेवून दुसरा वापरायचा, अशा दोन खड्ड्यांच्या शौचालयासारखीच ही जोडणी दिसते आणि कागदावर तशीच नोंदलीही जाते. प्रत्यक्षात मात्र पहिला खड्डा कधीच विश्रांती घेत नाही, त्यामुळे तो कधीच सुरक्षितपणे उपसता येत नाही. एकमेकांना जोडलेले दोन खड्डे म्हणजे एकच मोठा खड्डा.

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती आदल्या दिवशी दुपारी झाली आणि या प्रकरणातील पहिला खरा प्रश्न तिथेच आला. मळ्यातील एका वहिनींनी विचारले, ‘आमचा खड्डा पावसाळ्यात तीन महिन्यांत तुडुंब होतोय आणि उन्हाळ्यात आपोआप खाली जातोय, ते कसं?’ त्या खड्ड्यात नवीन काय पडते, असे विचारल्यावर कळले, की न्हाणीचे पाणीही त्यातच सोडले आहे. सहा माणसांच्या घरात उतरत्या तळाचे ग्रामीण भांडे वापरले, तर ते दीड-दोन लिटर पाण्यात साफ होते आणि सगळ्यांचे मिळून दिवसाला पन्नासेक लिटर पाणी खड्ड्यात जाते. अंघोळी आणि धुणे मिळवले, तर हाच आकडा सहज दोनशे लिटरच्या पुढे जातो. काळ्या चिकणमातीला एवढे पाणी शोषता येत नाही. त्या वहिनींचा खड्डा मैल्याने भरत नव्हता, तो पाण्याने भरत होता. हे ओळखण्याची युक्ती आम्ही तिथेच सांगितली. झाकणाच्या फटीतून लांब काठी खाली टेकेपर्यंत सोडायची आणि वर काढून पाहायची. खालचा गाळाने माखलेला भाग वीतभर आणि वरचा नुसता ओला भाग तीन हात असेल, तर खड्डा भरलेला नाही, तो मुरत नाही. भरलेला खड्डा आणि न मुरणारा खड्डा यांवरचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि मैला उपसणारी गाडी बोलावून दुसरा प्रकार कधीच सुटत नाही.

त्याच दुपारी जलसुरक्षकांनी गावठाणातील हातपंप, मळ्यातील एक बोअर आणि नळयोजनेचे पाणी अशा तीन ठिकाणचे पाणी हायड्रोजन सल्फाइड तपासणीच्या बाटल्यांत भरून, प्रत्येकीवर ठिकाणाचे नाव लिहून, देवळातल्या कपाटात ठेवले. विष्ठेशी संबंधित जिवाणू पाण्यात असतील तर एक-दोन दिवसांत ते काळे पडते. बाटल्या भरताना बायका समोर होत्या आणि किल्ली त्यांच्यापैकीच एकीकडे होती. हे मुद्दाम केले होते. तालुक्याहून आणलेल्या काळ्या बाटलीवर गावाने विश्वास ठेवावा, असे कारण नव्हते.

दुसऱ्या दिवशीची ग्रामसभा देवळाच्या सभामंडपात सकाळच्या दूध संकलनानंतर भरली. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. शंभरावी सही तासाभराने झाली. सरपंचांनी विषय वाचल्यावर मी उभी राहिले आणि सुरुवात पैशापासून केली. अनुभव असा आहे, की पैशाचा खुलासा शेवटी ठेवला, तर लोक मधले काहीच ऐकत नाहीत, त्या खुलाशाचीच वाट पाहत बसतात. म्हणून पहिल्याच दोन मिनिटांत सांगितले, की १२,००० रुपयांचे प्रोत्साहन अनुदान पूर्वी लाभ न घेतलेल्या पात्र कुटुंबांना नवीन शौचालयासाठी आहे. दारिद्र्यरेषेखालील सर्व कुटुंबे त्यात येतात आणि दारिद्र्यरेषेवरील कुटुंबांपैकी अनुसूचित जाती-जमाती, अल्प व अत्यल्प भूधारक, घर असलेले भूमिहीन मजूर, दिव्यांग आणि महिला कुटुंबप्रमुख यांची कुटुंबे येतात. ज्यांनी एकदा अनुदान घेतले आहे त्यांना खड्डा बदलण्यासाठी ते पुन्हा मिळणार नाही.

सभेत कुजबुज वाढली. पुढे बसलेले एक बापू म्हणाले, ‘म्हणजे खड्डा आमचा, पैसा आमचा आणि योजना सरकारची.’ लोक हसले. या वाक्याला प्रतिवाद करण्याचा मोह मी टाळला, कारण ते बऱ्याच अंशी खरे होते. एवढेच सांगितले, की पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीत स्वच्छतेचा हिस्सा आहे. त्यातून गरजू घरांची दुरुस्ती करता येते, पण त्यासाठी ते काम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात आधी आलेले असावे लागते, आणि आराखड्यात काय घालायचे हे याच सभेने ठरवायचे आहे. बापूंनी लगेच ग्रामसेवकांकडे पाहून विचारले, ‘ह्या वर्षीच्या आराखड्यात हाय का?’ ग्रामसेवकांनी नाही म्हणून सांगितले आणि ते खरे सांगितल्यामुळे पुढची चर्चा सरळ झाली.

त्यानंतर कपाट उघडले. हातपंपाची आणि बोअरची बाटली काळी पडली होती, नळाची नव्हती. इथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक होते आणि ती मी दोनदा सांगितली. काळी बाटली पाण्यात विष्ठेचा अंश असल्याची शंका दाखवते, तो कोणाच्या खड्ड्यातून आला हे सांगत नाही. गोठ्याचे पाणी झिरपूनही असे होऊ शकते. तरीही हातपंपाशेजारच्या घराचे मालक उठून उभे राहिले आणि आपला खड्डा पंपापासून किती पावलांवर आहे, हे न विचारता सांगू लागले. बाटलीमुळे बोट दाखवणे सुरू होईल, ही भीती मला आधी वाटायला हवी होती. सरपंचताईंनी ‘आण्णा, तुमच्या एकट्याचा नाही, पंपाच्या भोवती पाच खड्डे आहेत’ असे म्हणून तो प्रसंग सावरला.

मग मंडपाबाहेरच्या मोकळ्या जागेत आम्ही फक्कीने दोन वर्तुळे आखली. प्रत्येकाचा आतला व्यास एक मीटर, म्हणजे सव्वातीन फूट, आणि दोन्हींमध्ये अंतर एक मीटर. चित्र दाखवण्यापेक्षा प्रत्यक्ष मापाची आखणी अधिक उपयोगी पडते, कारण पहिली शंका मापाचीच असते. ‘एवढासा खड्डा? आठ दिवसांत भरेल,’ असे एकाने म्हटले आणि हिशेब तिथेच मांडता आला. पाणी जमिनीत मुरते, वायू मातीत शोषला जातो, आणि उरलेला गाळ माणशी वर्षाला सुमारे ४५ लिटर होतो. सहा माणसांचा २७० लिटर. एक मीटर व्यासाच्या खड्ड्याची एक मीटर खोली वापरात आली, तर त्यात ७८५ लिटर मावते, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे. खड्डा भरला की भांड्यातून आलेले दोन्ही खड्ड्यांकडे वळवणाऱ्या जोडचेंबरचे झाकण काढून त्या खड्ड्याकडचे तोंड वीट आणि मातीने बंद करायचे आणि दुसरे उघडायचे. पहिला खड्डा दीड ते दोन वर्षे तसाच बंद ठेवला, की आतले सुकून त्याचे खत होते. दुसरा भरेपर्यंत पहिला रिकामा करण्याजोगा झालेला असतो. खोल खड्ड्यापेक्षा उथळ खड्डा चांगला का, याचेही उत्तर यातच आहे. खड्ड्याच्या विटांच्या भिंतीत मोकळ्या सोडलेल्या खिडक्यांतून पाणी जिथे मुरते, तिथल्या वरच्या मातीत गाळाचे विघटन करणारे जीव जास्त असतात, आणि तळ जेवढा खोल तेवढा तो भूजलाच्या जवळ.

दहा-बारा फुटांचा एक खड्डा भरल्यावर काय होते, हे विचारण्याची कोणाची तयारी नव्हती, म्हणून ते मीच मांडले. त्यातील मैला ताजाच असतो, कारण वरून रोज नवीन पडत असतो. तो हाताने उपसायला माणूस उतरवणे हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पूर्वी गावात हे काम रात्री कोणाकडून करून घेतले जाई, हे सभेतील प्रत्येकाला ठाऊक होते. मागच्या रांगेतून त्या माणसांच्याच वस्तीतील एक तरुण शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, दोन वर्षांनी खत झालं तरी ते काढायला आम्हालाच बोलावणार असतील, तर आमच्या दृष्टीनं काय बदललं?’ सभा काही क्षण गप्प झाली. या योजनेच्या बोलण्यात हा प्रश्न सहसा घेतला जात नाही, आणि माझ्या टिपणातही तो नव्हता. मी म्हणाले, की ज्याचा खड्डा त्याने काढायचा, असे ठरावात लिहिता येईल. त्याने उत्तर दिले, ‘लिहू नका. कोणीतरी मोठ्या घरच्यानं सगळ्यांसमोर काढून दाखवा.’

नेमका असा खड्डा गावात होता. एका निवृत्त गुरुजींनी बरोबर जोडणीचे शौचालय बांधले होते आणि त्यांचा पहिला खड्डा दोन वर्षांहून अधिक काळ बंद होता. गुरुजी आधी काही बोलले नाहीत. मग त्यांच्या पत्नीनेच महिलांच्या बाजूने सांगितले, ‘उद्या सकाळी या आमच्याकडं. हे काढतील.’

इथपर्यंत बोलणे बरे चालले होते. यानंतर मी गावातील सर्व घरांसाठी दोन खड्ड्यांचा एकच नमुना मंजूर करण्याचा ठराव सुचवला आणि तिथे घसरले. गावातील एक वृद्ध गवंडी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, फक्कीच्या वर्तुळात जाऊन उभे राहिले. त्यांनी विचारले, ‘ह्याची खोली किती?’ मी सांगितले, वापराची खोली एक मीटर, वरचा भाग धरून चार फूट. ते म्हणाले, ‘आमच्या मळ्यात आत्ता चार फुटांवर पाणी लागतंय. तुम्ही मला खड्डा सांगताय का आड?’

त्यांचे म्हणणे पूर्णपणे बरोबर होते. उसाला वर्षानुवर्षे दिलेल्या पाण्यामुळे या पट्ट्यातील काही जमिनी क्षारपड झाल्या आहेत आणि पावसाळ्यानंतर तिथे पाण्याची पातळी जमिनीच्या जवळ येते. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातील भूजल यांत दोन मीटर अंतर असावे, हे मला पाठ होते. पण तालुक्याच्या भिंतीवरील चित्रात जमीन कोरडी दाखवलेली असते आणि मी ते चित्रच बोलत होते. आमच्या चार दिवसांच्या फेरीत खड्डे मोजले, पाणी कुठे लागते हे मोजलेच नव्हते. ठराव मागे घेतला. सरपंचताईंनी सभेपुढे दुसरा प्रस्ताव ठेवला, की गावाचे तीन भाग करून प्रत्येक भागात परीक्षेचे खड्डे घ्यावेत आणि ते आबांनी व आणखी दोन गवंड्यांनी ठरवलेल्या जागी घ्यावेत. तो एकमताने मंजूर झाला. सभेला लोकसहभाग म्हणून जे अपेक्षित असते ते अनेकदा श्रमदानाच्या एका सकाळीपुरते असते. इथे गावाने कामाची जागा आणि मोजमापच आपल्याकडे घेतले.

परीक्षा साधी होती. पाच फूट खोल खड्डा घ्यायचा आणि एक रात्र थांबून त्यात आपोआप पाणी येते का, किती खोलीवर, ते पाहायचे. पाणी आले नाही, तर तळाशी छोटा फूटभर खळगा करून तो पाण्याने भरायचा, माती पुरती भिजू द्यायची, पुन्हा भरायचा आणि तासाला पातळी किती उतरते ते काठीवर खूण करून मोजायचे. पहिल्याच भरणीचे मोजमाप धरायचे नाही, कारण कोरडी काळी माती सुरुवातीला भेगांतून पाणी पटकन पिते आणि भिजून फुगली की मिटते. ही चूक एका खड्ड्यावर झाली आणि दुसऱ्या दिवशी आबांनीच ती पकडली.

निकाल असा आला. गावठाण उंच पांढरीवर आहे. तिथे पाच फुटांत पाणी नव्हते आणि खळग्यातील पाणी बऱ्यापैकी उतरत होते. या भागात नेहमीचा दोन खड्ड्यांचा नमुना चालणार होता. बहुतेक घरांना नवे शौचालय लागणारच नव्हते. जुना खोल खड्डा रिकामा करून, तळाचा भाग मुरूम टाकून उथळ करायचा, शेजारी दुसरा घ्यायचा आणि मध्ये चेंबर बांधायचे, एवढेच काम होते. रिकामे करणे मात्र यंत्रानेच करायचे, कारण आत ताजा मैला होता. मुरूम आणि खडकाच्या भेगांतून दूषित पाणी अपेक्षेपेक्षा लांब जाऊ शकते, म्हणून हातपंपाभोवती दहा मीटरच्या आतील पाच खड्ड्यांपैकी ज्यांना दुसरी जागा होती त्यांचे खड्डे हलवायचे आणि ज्यांना नव्हती त्यांच्यासाठी पंपाचे पाणी पिण्याऐवजी फक्त वापरण्याचे ठरवायचे, असे ठरले. ‘हे पाणी पिऊ नये’ अशी पाटी लागली. ती लावण्यावरून जेवढा वाद झाला, तेवढा खड्ड्यांवरून झाला नाही.

गावठाण आणि मळा यांच्या मधल्या काळ्या मातीच्या पट्ट्यात पाणी पाच फुटांच्या खाली होते, पण मुरत मात्र नव्हते. तिथे खोदाई सहा फूट व्यासाची घेऊन विटेच्या भिंतीबाहेर चारी बाजूंनी फूटभर जाडीची वाळू व बारीक खडीची भर घालायची, असा उपाय घेतला. वाळू पाणी शोषत नाही, ती पाण्याला मातीच्या मोठ्या पृष्ठभागापर्यंत नेते. चार फुटांच्या खोदाईऐवजी सहा फुटांची खोदाई झाली, की पाण्याला मुरायला दीडपट भिंत मिळते. याबरोबर न्हाणीचे पाणी खड्ड्यातून काढून परसातील वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा केळीच्या आळ्यात सोडणे ही अट होती. ती नसती, तर वाळूचा खर्च वाया गेला असता.

मळ्याचा प्रश्न पूर्ण सुटला नाही. पाणी चार फुटांवर असताना खड्डा उचलून घ्यावा लागतो. अर्धा खड्डा जमिनीच्या वर, भोवती मातीचा भराव, आणि त्या हिशेबाने शौचालयाची जमीन दोन-अडीच फूट उंच. यावर एका आजीने लगेच विचारले, ‘रात्री त्या पायऱ्या मी कशा चढू?’ आधार धरायला कठडा आणि पायऱ्यांऐवजी उतरण सुचवली, पण उतरणीला लांबी लागते आणि ती सगळ्यांच्या अंगणात नाही. खड्डा उचलला तरी तळ आणि पाणी यांत दोन मीटर अंतर मिळत नाहीच, त्यामुळे तिथल्या बोअरपासून खड्डा दहा मीटरच्या पलीकडे ठेवणे आणि पिण्यासाठी नळाचे पाणी घेणे, एवढीच खात्री देता आली. नदीलगतच्या सात घरांबद्दल तर मी सरळ सांगितले, की २००५, २०१९ आणि २०२१ सारखा पूर आला, तर जमिनीतील कोणताही शोषखड्डा पाण्याखाली जाईल. तिथे उंचावलेला खड्डा, घट्ट बसणारे झाकण आणि पूर ओसरल्यावर परिसर स्वच्छ करून, पाणी शुद्ध होईपर्यंत तिथला बोअर न वापरणे, यापलीकडे या नमुन्याकडे उत्तर नाही.

गुरुजींचा खड्डा ठरल्याप्रमाणे उघडला. साठ-सत्तर माणसे जमली. झाकण काढल्यावर वर कोरड्या, काळसर, भुसभुशीत मातीसारखे काहीतरी होते. वास नव्हता. गुरुजींनी फावड्याने पहिले घमेले स्वतः भरले आणि दुसरे त्यांच्या मुलाने. तळाशी मात्र एका बाजूला ओलसर भाग लागला. चेंबरमधील बंद केलेल्या तोंडाची माती थोडी निघाली होती आणि तिथून पाणी झिरपत होते. तो भाग त्यांनी काढला नाही. तोंड पुन्हा बंद करून तो भाग सुकू द्यायचे ठरले. हे सगळे लोकांच्या डोळ्यांसमोर झाले, म्हणून ते उपयोगाचे ठरले. कधी काढायचे याबरोबर कधी काढायचे नाही, हेही दिसले. सभेत प्रश्न विचारलेला तरुण बाजूला उभा राहून पाहत होता. त्याने फावड्याला हात लावला नाही आणि कोणी त्याला सांगितलेही नाही.

कामे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चालली. सहा गवंड्यांनी आबांच्या देखरेखीखाली पहिले चार खड्डे बांधले. जाळीदार बांधकामात उभे सांधे मोकळे सोडायचे असतात. एका गवंड्याने सवयीने ते मसाल्याने भरून घेतले आणि ती भिंत उतरवावी लागली. वायूसाठी पाइप लावण्याचा आग्रह अनेकांचा होता. सेप्टिक टाकीला तो लागतो, शोषखड्ड्याला लागत नाही, कारण वायू मातीत जातो. बचत गटाने विटा एकत्र घेतल्या, त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाटला गेला. मे महिन्याच्या तपासणीत चेंबरची झाकणे एकेक उघडली, तेव्हा नऊ घरांत दोन्ही तोंडे उघडी होती, म्हणजे दोन्ही खड्डे एकदमच भरत होते. खड्डे नवे, जोडणी योग्य, फक्त एक वीट ठेवायची राहिली होती. तेव्हापासून आशाताईंनी एक पद्धत घातली. कोणते तोंड उघडे आहे आणि ते कोणत्या महिन्यात उघडले, हे झाकणावर ऑइल पेंटने लिहायचे.

सेप्टिक टाक्यांच्या गटारात सोडलेल्या पाइपांना शोषखड्डे जोडण्याचे काम अर्ध्यावर आहे. गावठाणातील खोल खड्डे यंत्राने उपसताना गाडीवाला मैला कुठे नेतो, हा प्रश्न जानेवारीच्या ग्रामसभेत बापूंनी विचारला. गाडी ओढ्याकडे गेल्याचे दोघांनी पाहिले होते. मैला चरात टाकून तो बुजवण्यासाठी गावाबाहेरची एक पडीक जागा सुचवली गेली. त्या जागेच्या खालच्या बाजूला दोन शेतकऱ्यांच्या विहिरी आहेत, असे आबांनी सांगितले. तिथे परीक्षेचा खड्डा घेतल्याशिवाय ठराव नको, असे ठरून विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला.